हलकं हँडल, जड हँडल

देवळालीच्या रेंजवर गोळाबारी असली की आमच्या गावातल्या शेडचे पत्रे थरथरतात. सिन्नर तालुक्यातलं, देवळालीच्या मागच्या अंगाचं आमचं गाव. इथल्या पोरांना तोफेचा आवाज नवा नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका मुलीने मला जे विचारलं, ते तोवर कोणी विचारलं नव्हतं. टोमॅटोच्या वावराच्या बांधावर पाच-सहा पोरं बसली होती. दूरवर धडाम झालं आणि ती म्हणाली, "मेजर आजोबा, तोफेला समोर डोंगरच दिसतो. मग गोळा कुठे टाकायचा हे तिला कोण सांगतं?"

मी निवृत्त झालो तो हवालदार म्हणून, पण गावात फौजेतून आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात. तोफेला सांगणारा माणूस मीच होतो, म्हणजे त्या सांगण्याची तार माझ्या हातात होती. १९६८ साली नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झालो तेव्हा मला वाटलं होतं की आपण तोफ चालवणार. निवड झाली ती ऑपरेटर म्हणून. वायरलेस, टेलिफोन आणि तारेचं रीळ. पहिल्या आठवड्यात वाईट वाटलं, नंतर कधीच नाही.

मी पोरांना सांगितलं की तोफ खरोखर आंधळी असते. आमच्या वेळची पंचवीस पौंडी तोफ साधारण १२ किलोमीटरपर्यंत मारायची, म्हणजे गावातून मारली तर गोळा तालुक्यात कुठल्या कुठे जाऊन पडेल. तोफा मागे खोलगटात लपवलेल्या. पुढे, जिथून शत्रू दिसतो अशा उंचवट्यावर, एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला. त्या जागेला ओपी म्हणतात. गोळा कुठे पडला ते तो बघतो आणि सांगतो, दोनशे उजवीकडे, शंभर मागे. ओपी हे डोळे, तोफ हा हात, आणि मधली तार म्हणजे मज्जातंतू. ती तुटली की डोळ्याला दिसतं आणि हात हलत नाही.

"मग वायरलेस नव्हता का?" दुसऱ्याने विचारलं. होता. पण वायरलेसवर बोललेलं हवेत जातं. शत्रू ऐकतो, तुम्ही कुठून बोलताय त्याची दिशा काढतो, नाहीतर त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडून तुमचं बोलणं बुडवतो. म्हणून जागा पक्की असेल तिथे तार टाकायचीच. तारेचा दोष एकच, ती जमिनीवर पडलेली असते, आणि जमिनीवरून सगळेच जातात.

बोलून पोरांना कळत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मोबाइलच्या जमान्यात हँडल फिरवायचा फोन म्हणजे काय, ते कसं सांगणार? म्हणून मी नाशिकच्या जुन्या बाजारात गेलो. लष्करी सामानाच्या लिलावातून आलेले तीन फोन मिळाले, कातडी पट्ट्याच्या पेटीतले. दोन चालू होते, तिसऱ्याचा एक सुटलेला सांधा मी घरी डाग देऊन बसवला. रस्त्याच्या कामात उपटून टाकलेली दुहेरी टेलिफोन तार गावातच पडून होती, ती गुंडाळून आणली. माझ्या मळ्यातल्या खोपटापासून मारुतीच्या देवळापर्यंत, साडेतीनशे मीटर, आम्ही लाइन टाकली.

टाकतानाच शिकवायला लागलो, कारण लाइन टाकतानाचा आळस पुढे रात्री भोगावा लागतो. तार ताणून टाकायची नाही. सैल टाकायची, जमिनीच्या चढउताराला अंग देईल अशी. ताणलेली तार कोणाच्या पायाला अडकली की तुटते, सैल असली की नुसती सरकते. थोड्या थोड्या अंतरावर झाडाला, बांबूला, दगडाला बांधायची, म्हणजे एका ठिकाणी ओढ बसली तरी सगळी लाइन ओढली जात नाही. वाट ओलांडायची असेल तर एकतर पुरायची, नाहीतर गाडीवरचा माणूसही खालून जाईल इतकी उंच न्यायची. आणि टाकताना खुणा डोक्यात ठेवायच्या. इथे बाभूळ, इथे मोरी, इथे पडकी विहीर. लाइन उजेडात टाकतो, पण शोधायची अंधारात असते.

फोन कसा चालतो ते मी पेटी उघडून दाखवलं. बोलण्यासाठी दीड व्होल्टचे दोन सेल. घंटी वाजवण्यासाठी मात्र सेल लागत नाही, हँडलच्या मागे लहानसं जनित्र असतं, चुंबक आणि गुंडाळी. हँडल फिरवलं की त्यातून ८०-एक व्होल्ट निघतात आणि तिकडची घंटी वाजते. एका आगाऊ पोराला मी दोन्ही टोकं बोटात धरायला लावली आणि हळूच हँडल फिरवलं. तो ओरडून उडाला, बाकीचे हसले, मग प्रत्येकाला झणका हवा होता. हा खेळ मी मुद्दाम करू दिला. तार सोलायच्या आधी दोन्हीकडे सांगायचं की आता वाजवू नका, हे ज्याला एकदा झणका बसला तो विसरत नाही.

आता खरी गोष्ट. या पेटीतलं हँडल फक्त घंटी वाजवत नाही, ते लाइनची तब्येत सांगतं. मी मुलीला म्हणालो, हात ठेव. लाइन चांगली असताना हँडलला मध्यम ओढ लागते, दुधात रवी फिरते तशी. मी एक तार सुटी केली. हँडल एकदम हलकं झालं, गरागरा फिरलं. "तार तुटली की असं." मग पेटीवर तार लावायच्या दोन्ही खिळ्यांवर पक्कड आडवी टेकवली, म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यासारखं झालं. आता हँडल जड झालं, चिखलातून चाक ओढावं तसं. "तारा आपसात भिडल्या की असं." तिने डोळे मिटून चार-पाच वेळा फिरवलं. बोलणं ऐकू न येणं हे दोन्हीकडे सारखंच. पण जायचं कशाच्या शोधात, तुटलेल्या टोकाच्या की सोललेल्या जागेच्या, ते हात सांगतो. आणि निघण्याआधी असंच पक्कड लावून आपलीच पेटी तपासायची. हँडल जड झालं तर जनित्र ठीक आहे. मग रिसीव्हर कानाला लावून बोलण्याच्या तोंडावर फुंकर मारायची. आपलीच फुंकर कानात आली तर सेल आणि रिसीव्हरही ठीक. नाहीतर माणूस चार किलोमीटर चालून येतो आणि खोट स्वतःच्याच पेटीत निघते.

त्या संध्याकाळी थंडी पडली होती. शेकोटीभोवती बसून पोरांनी लढाईची गोष्ट मागितली. मी त्यांना एका रात्रीची गोष्ट सांगितली. ती मी घरातही फारशी कधी सांगितली नव्हती.

१९७१ चा डिसेंबर. ३ तारखेला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, पाकिस्तानच्या सीमेवर शकरगड सेक्टरकडे होती. उसाची शेतं, सरकंड्याचं उंच गवत, आणि रात्री असं धुकं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. तोफांपासून ओपीपर्यंतची लाइन चार किलोमीटरच्या वर. ती मी आणि माझा जोडीदार, दोघांनी टाकलेली. तो साताऱ्याकडचा. मला नाशिककर म्हणायचा.

युद्ध सुरू होऊन दोन-तीनच दिवस झाले असतील. मध्यरात्रीनंतर ओपीचा फोन गेला. उस्तादांनी, म्हणजे आमच्या हवालदारसाहेबांनी, हँडल माझ्या हातात दिलं. हलकं. गरागरा. तुटली होती. आम्ही पेटी तपासली, तपासणीचा फोन, पक्कड, चाकू, चिकटपट्टी आणि जोडायला जास्तीची तार घेतली, आणि निघालो. पद्धत अशी की एकजण तार ओंजळीत धरून चालतो, तार हातातून सरकत राहते, डोळ्यांची गरज नसते. दुसरा दहा पावलं बाजूला, बंदूक तयार. तो तारेकडे बघत नाही, तो अंधाराकडे बघतो. तार सुधारणारा माणूस कायम खाली वाकलेला असतो आणि तो कुठे येणार हे शत्रूला आधीच माहीत असतं. म्हणून तुटलेलं टोक सापडलं की पहिल्यांदा त्यावरून बोट फिरवायचं. चपटं, दबलेलं, लांब ओढलेलं असेल तर गाडीखाली गेलं. आवरण जळलेलं, तारा पिसारल्यासारख्या विस्कटलेल्या असतील तर गोळ्याचा तुकडा. आणि टोक पक्कडीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर तिथे बसायचं नाही. आधी आडवं व्हायचं आणि ऐकायचं, कारण कोणीतरी ते तुमच्यासाठी कापलेलं असतं.

"मग तुमचं टोक कसं होतं?" पोरं एकदम गप्प झाली होती.

दबलेलं होतं. दीड-एक किलोमीटरवर कच्ची वाट होती, तिथे आम्ही तार दोन बांबूंवरून वर नेली होती. आपल्याच एका गाडीने धुक्यात बांबू पाडला होता आणि तार चाकात गुंडाळून ओढत नेली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं कुठेच नाही. ते शोधायला अर्धा तास गेला. वाटेच्या पलीकडे गुडघ्यावर रांगत, गवतातून हात फिरवत. सापडलं ते तीस-चाळीस पावलं बाजूला, नांगरलेल्या ढेकळात.

तार जोडायची म्हणजे नुसती पिळायची नाही. एका तारेत सात बारीक काड्या, चार तांब्याच्या आणि तीन पोलादाच्या. तांबं बोलणं नेतं, पोलाद ओढ सोसतं. थंडीत बोटं बधिर झालेली आणि पोलादाच्या काड्या नखाखाली घुसतात. आवरण मी दाताने सोललं, चाकूने सोलायला गेलं की अंधारात काड्याही कापल्या जातात. दोन्ही तारांच्या गाठी एकाच जागी आणायच्या नाहीत, हे केंद्रातल्या उस्तादांनी शंभरदा करून घेतलं होतं. एका टोकाची एक तार पक्कडीच्या लांबीएवढी आखूड कापायची आणि समोरच्या टोकाची दुसरी. मग आखूडला लांब भेटते, गाठी मागेपुढे पडतात आणि एकमेकींना शिवत नाहीत. गाठ घालायची ती उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर, म्हणजे ओढली की घट्ट होते, सुटत नाही. शेपट्या तारेवरच पिळायच्या आणि चिकटपट्टी आवरणापासून आवरणापर्यंत गुंडाळायची.

मी हे सगळं नीट केलं. मग तपासणीचा फोन लावला, तोफांकडे हँडल फिरवलं. उस्तादांचा आवाज आला. मी म्हणालो, "लाइन थ्रू." म्हणजे लाइन आरपार लागली.

जोडीदार अंधारातून हळूच म्हणाला, "नाशिककर, पुढं वाजवलंस का?"

मी पुढे वाजवलं नव्हतं. बोटं सुजली होती, तुटलेली जागा सापडली होती, ती जोडली होती, आणि माझ्या मनाने धरलं होतं की एकच तूट असणार. मी म्हणालो, "चल, आवाज आला ना." आम्ही परत फिरलो.

बॅटरीवर पोचलो तर उस्ताद उभेच होते. ओपीकडून उत्तर नव्हतं. मी हँडल घेतलं. हलकंच. पुढे आणखी एक तूट होती, ओपीच्या अलीकडे पाच-सहाशे मीटरवर, गोळ्याने उडालेली. मी जोडलेल्या जागेवर उभा राहून ओपीकडे दोन वेळा हँडल फिरवलं असतं तर तिथेच कळलं असतं. दहा सेकंदांचं काम होतं. ते न केल्यामुळे आम्ही दीड किलोमीटर मागे आलो, पुन्हा तेवढंच पुढे गेलो आणि मग उरलेलं चाललो. या वेळात पुढच्या पायदळाच्या कंपनीने आमच्या तोफांचा मारा मागितला होता. ती मागणी ओपीपर्यंत आली आणि तिथे थांबली. वायरलेसवर गोंगाट होता. शेवटी ती दुसऱ्या बॅटरीमार्फत फिरून आली.

उस्ताद मला ओरडले नाहीत. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, लाइन थ्रू कळवली अमुक वाजता, लाइन खरंच थ्रू झाली अमुक वाजता. मधे एक तास दहा मिनिटं. दोन्ही ओळींसमोर माझं नाव. त्यांनी वही माझ्यासमोर धरली, मी वाचली, त्यांनी मिटली. आपण "पुढं वाजवलंस का" असं विचारलं होतं, हे जोडीदाराने कोणालाही सांगितलं नाही. ते मी स्वतःच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पोरं काही बोलली नाहीत. एकाने शेकोटीत काटकी टाकली. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे लाइन थ्रू दोन्हीकडून वाजल्यावरच म्हणायचं." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची लाइन बंद पडली. मी पाडली नव्हती, खरंच पडली होती. मी खोपटात हँडल फिरवलं आणि मुलीला फिरवायला दिलं. "हलकं," ती म्हणाली. पक्कड लावून पेटी तपासली, जड. पेटी ठीक. एक पोरगा देवळात बसला, मी खोपटात, आणि ती एका मोठ्या मुलाला घेऊन तिसरा फोन गळ्यात अडकवून निघाली. माझा उजवा कान तोफांनी नेलाय, म्हणून रिसीव्हर डाव्या कानाला लावून बसलो. खोपटाच्या दारातून ती दोघं दिसत होती, ती वाकून तार ओंजळीतून सरकवत होती आणि मुलगा बाजूने चालत मुद्दाम इकडेतिकडे बघत होता.

टोमॅटोच्या वावराशी ती थांबली. कॅरेट न्यायला आलेल्या पिकअपने बांधावरची तार दाबून तोडली होती. तिने आधी देवळाकडचं टोक फोनला लावलं. नंतर माझी घंटी वाजली. "आजोबा, देवळाकडे वाजली, तो बोलला. आता तुमच्याकडे वाजली. आता जोडते, वाजवू नका." मी रिसीव्हर ठेवला आणि वाट बघत बसलो. बराच वेळ गेला.

मग तिने हातवारे करून खूण केली. मी हँडल फिरवलं. जड. चिखलात रुतल्यासारखं. देवळाकडून आवाज नाही. ती वावरातून पळत आली आणि म्हणाली, "माझ्याकडेही जड लागतंय. पण हलकं होतं ना मघाशी?"

मी सांगितलं नाही. विचारलं, "जोडायच्या आधी दोन्ही बाजू कशा होत्या?"

"दोन्ही चांगल्या. दोन्हीकडे घंटी वाजली."

"मग मधे काय नवीन आलं?"

ती थोडा वेळ उभी राहिली. मग "गाठ" म्हणाली आणि पुन्हा पळाली. या वेळी मीही मागोमाग गेलो. मोठ्या मुलाने दोन्ही तारा सारख्याच कापल्या होत्या. गाठी शेजारी-शेजारी, आणि वरून एकच चिकटपट्टी दोन्हींवर मिळून गुंडाळलेली. वरून बघायला अगदी नीटनेटकी. आत दोन्ही उघड्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या. तिने पट्टी सोडवली, गाठी कापल्या, पक्कड तारेवर मापाला ठेवली, एक आखूड कापली, समोरची दुसरी. गाठ घालताना तोंडाने पुटपुटत होती, उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. घट्ट ओढली, शेपटी पिळली, प्रत्येक गाठीला वेगळी पट्टी.

मग तिने फोन लावला. देवळाकडच्या पोराला आकडे वाचायला सांगितले होते, त्याने घाईत वाचले. तिला कळले नाहीत आणि ती म्हणाली, "रिपीट." मी तिच्या खांद्याला हात लावला. तोफखान्यात तो शब्द वापरत नाहीत. तोफांच्या लाइनवर रिपीट म्हणजे आधीच्या जागी पुन्हा गोळे टाका. ऐकू आलं नाही तर से अगेन म्हणायचं. ती तसं म्हणाली, आकडे एकेक करून परत वाचून दाखवले आणि पोराने बरोबर म्हटलं. तेवढ्यावर ती थांबली नाही. मला म्हणाली, "तुम्ही खोपटात जा." मी गेलो. पोचल्यावर माझी घंटी वाजली.

"आजोबा, ऐकू येतंय? देवळाकडे वाजली. तुमच्याकडेही वाजली. लाइन थ्रू."

मी वेळ विचारली. तिने सांगितली. मी शाळेच्या वहीचं एक पान फाडून ठेवलं होतं, त्यावर लिहिली आणि समोर तिचं नाव लिहिलं.

संध्याकाळी लाइन गुंडाळायला घेतली. मी रीळ फिरवत होतो आणि ती पुढे तार हातातून सोडत येत होती. गाठीची जागा आली की ती थांबायची, चिकटपट्टीवर अंगठा दाबून बघायची आणि मग पुढे सोडायची.